सल्ला हवा: जाहिरातीतल्या फोटोवरून ड्रोन आहे की रिमोटची कार, कसं ओळखावं?

तर्रीपोहा_नागपूर
नमस्कार मंडळी. पुतण्याच्या वाढदिवसाला उडणारं खेळणं द्यायचं आहे. इतवारीतल्या एकाने जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत 1,800 रुपयांना "ड्रोन कम कार, चालू कंडिशन" असं टाकलं आहे. फोटो एकच, चादरीवर ठेवून वरून काढलेला. राखाडी अंग, चार टोकांना चार काळी गोल कडी, मधे पात्यांसारखं काहीतरी पुसट, बाजूला दोन दांड्यांचा रिमोट. फोन केला तर "भाऊ, या न, पाहून घ्या" एवढंच. मी राहतो हिंगण्याकडे, उगाच इतवारीच्या गर्दीत चक्कर नको. फोटोवरून काय समजतं?

मानेवाडा_मावशी
चार गोल म्हणजे चार चाकं, सरळ कार आहे ती. आमच्या नातवाकडे अशीच उलटीपालटी होणारी गाडी आहे. ड्रोनला कॅमेरा असतो, यात दिसतो का? नसेल तर ड्रोन नाही.

गच्चीवरचा_पायलट
मावशी, कॅमेऱ्यावरून ठरवू नका. बिनकॅमेऱ्याचे खेळण्यातले ड्रोन ढिगाने मिळतात आणि कॅमेरा लावलेल्या कारही येतात.

तर्रीपोहा, तुम्ही "वरून काढलेला" म्हणालात, तिथेच बरंचसं उत्तर आहे. जमिनीवर उभ्या कारचं चाक वरून कधीच गोल दिसत नाही. वरून दिसते ती टायरची नक्षी, म्हणजे एक काळा आयत. गोल दिसायला बाजूने पाहावं लागतं. ड्रोनचं नेमकं उलट: पंख्याभोवतीचं कडं वरून गोल आणि बाजूने पातळ पट्टी. म्हणून आधी कॅमेरा खरंच वर होता का ते तपासा. चादरीचे चौकोन चौकोनच दिसतात की एका बाजूला निमुळते होतात, ते बघा. चौकोन सरळ असतील आणि चारही कडी गोल असतील, तर त्यांचा आस आकाशाकडे आहे. हे उडायचं लक्षण.

मावशींच्या नातवाची गाडी कुशीवर पडलेली असली तर वरून चाकं गोल दिसतील. पण मग एका बाजूची दोन चाकं दुसऱ्या बाजूच्या दोघांखाली झाकली जातील. चार वेगवेगळी गोलं एकाच पातळीत पसरलेली दिसणार नाहीत.

तर्रीपोहा_नागपूर
चौकोन सरळ आहेत. पण मग "ड्रोन कम कार" कायले लिहिलं असेल?

गच्चीवरचा_पायलट
तशी खेळणी खरंच असतात. काहींत कडं आडवं असताना पंख्याचा गार्ड, आणि खाली वळवलं की तेच चाक. त्यात दोन खुणा शोधा: अंगापासून कड्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याला सांधा किंवा बिजागरी, आणि कड्याच्या बाहेरून रबराची दातेरी पट्टी. गुळगुळीत प्लास्टिकची कडी असतील तर ती फक्त पाती आणि बोटं वाचवायला. दुसरा प्रकार म्हणजे ड्रोनच्या दोन्ही बाजूंना मोठी, हलकी चाकं अडकवलेली. पॅरट कंपनीचा रोलिंग स्पायडर 2014 मध्ये आला तो असाच. त्याच्या चाकांना मोटर नव्हती, पंख्यांच्या जोरावरच तो भिंतीवर घरंगळायचा.

आता फोटो मोठा करून पाती बघा. चार पंख्यांच्या ड्रोनमध्ये शेजारचे दोन पंखे उलट दिशांनी फिरतात आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले सारख्या. म्हणून शेजारच्या पात्यांचा पीळ आरशातल्यासारखा उलटा असतो. एकाची उजवी कड उचललेली, तर शेजारच्याची डावी. खेळण्यातल्या पात्यांवर बरेचदा बारीक A आणि B अक्षरं कोरलेली असतात. चारही पाती एकाच पिळाची दिसली, तर कोणीतरी चुकीची बसवली आहेत. दोन पंखे हवा वर फेकतील आणि ते नीट उडणारच नाही.

फुटाळा_बोटवाला
पंखा दिसला की ड्रोन, असं पक्कं धरू नका हो. माझ्याकडे रिमोटची होडी आहे, तिला वर मोठा पंखा आहे. लोक फोटो पाहून "कोणता ड्रोन घेतला" विचारतात.

गच्चीवरचा_पायलट
तुमची हवेच्या पंख्याची होडी. तिचा पंखा उभा असतो, मागच्या टोकाला, हवा मागे ढकलणारा, आणि त्याच्यामागे वळायला उभ्या पट्ट्या. अंग सपाट बुडाचं. साध्या होडीचा तर पंखा खाली पाण्यात, टिचभर, शेजारी सुकाणू. खेळण्यातल्या बऱ्याच होड्यांच्या बुडाला धातूचे दोन ठिपके असतात. ते पाण्याला टेकल्याशिवाय मोटर फिरत नाही. उलटी ठेवलेली वस्तू फोटोत असेल तर ते ठिपके पुरेसे आहेत.

सोनेगाव_रहिवासी
विमानतळाजवळ ड्रोन उडवायला परवानगी लागते का? माझ्या भावाचं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे.

गच्चीवरचा_पायलट
लागते. विमानतळालगतचा भाग रेड झोनमध्ये येतो, वजन कितीही कमी असलं तरी. भावाला डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा पाहू द्या. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे विषय फोटोचा आहे.

अजनी_वर्कशॉप
रिमोटबद्दल कोणी बोललंच नाही. दोन दांड्या म्हणजे ड्रोन, पिस्तूल म्हणजे कार. एवढं सोपं आहे.

गच्चीवरचा_पायलट
अर्धं बरोबर. पिस्तुलाच्या बाजूला फोमचं छोटं चाक असेल तर तो कारचा नाहीतर होडीचा रिमोट. पण गॉगल लावून उडवायच्या काही एफपीव्ही ड्रोनचा एका हाताचा कंट्रोलरही मुठीसारखा असतो, त्यालाही ट्रिगर असतो. बाजूचं चाक मात्र नसतं.

दोन दांड्यांत जास्त फसगत होते, कारण स्वस्त कारच्या रिमोटलाही दोन दांड्या असतात. तिथे दांडीपेक्षा तिच्याभोवतीची फट बघा. कारच्या रिमोटवर डावीकडे फक्त उभी फट, उजवीकडे फक्त आडवी: पुढे-मागे आणि डावे-उजवे, काम संपलं. ड्रोनला वर-खाली, जागेवर वळणं, पुढे-मागे आणि बाजूला सरकणं, अशा चार गोष्टी लागतात. म्हणून दोन्ही दांड्या चारही बाजूंना हलतात आणि भोवती गोल किंवा चौकोनी मोकळी जागा दिसते. डावी दांडी कोणी हात न लावता तळाशी बसलेली दिसली तर उडणारंच काही आहे. मधोमध दिसली तर त्यावरून काहीच ठरत नाही, उंची आपोआप धरणाऱ्या ड्रोनचीही मधेच उभी राहते.

तर्रीपोहा_नागपूर
विकणाऱ्याकडून बाजूने काढलेला फोटो मागवला, आताच आला. कडी पातळ पट्ट्यांसारखी, गुळगुळीत. बिजागरी नाही. खाली चार छोटे पाय. पात्यांवर A, B स्पष्ट. पण रिमोट मोठा करून पाहिला तर डावीकडे उभी फट, उजवीकडे आडवी!

गच्चीवरचा_पायलट
मग अंग ड्रोनचं आणि रिमोट कुठल्यातरी कारचा. "ड्रोन कम कार" कुठून आलं तेही कळलं. खेळण्यातला ड्रोन सहसा स्वतःच्याच जातीच्या रिमोटशी जोडला जातो, आणि जुन्या मॉडेलचा सुटा रिमोट शोधता शोधता नाकी नऊ येतात. 1,800 नका देऊ.

अजनी_वर्कशॉप
फोनवरून वायफायने उडणारा असला तर? तेव्हा रिमोट नसला तरी चालतं. अंगाला पुढे कॅमेऱ्याचं भोक आहे का?

गच्चीवरचा_पायलट
शक्य आहे. पण कॅमेरा असूनही नुसतं चित्र दाखवणारे आणि उडवायला रिमोटच लागणारे ड्रोनही असतात. हे फोटोवरून ठरणार नाही. चालू करून हवेत उडवल्याचा व्हिडिओ मागा, रिमोटही त्याच चौकटीत दिसला पाहिजे.

तर्रीपोहा_नागपूर
पुढे काळा ठिपका आहे, कॅमेरा की स्क्रू ते कळत नाही. व्हिडिओ मागितला तर म्हणतो बॅटरी चार्ज करून रात्री पाठवतो.

मानेवाडा_मावशी
चार्जर कोणाचा आहे तेही विचारा.