ताठरता व्यवस्थित, पण शेवटच होत नाही : तुमचे अनुभव

संथवाहते
कपाट आवरताना सहा वर्षांपूर्वीचा डॉक्टरांचा कागद सापडला. औषधांच्या नावाखाली त्यांनी पेनाने लिहिलंय, "एकट्याने केल्यावर? नाही." तो कागद हातात घेऊन बराच वेळ तसाच बसलो, म्हणून हे लिहितोय.

मला पॅनिक अटॅक यायचे. पॅरोक्सेटीन २० मिलिग्रॅम सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यापासून अटॅक जवळजवळ थांबले. नेमक्या त्याच सुमारास दुसरी गोष्ट सुरू झाली. ताठरता पूर्वीसारखीच, इच्छाही होती, पण वीर्यपतन काही केल्या होईना. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं व्हायची. घामाने चादर ओली, बायकोला कोरडेपणामुळे दुखायला लागायचं आणि मी कुठल्यातरी कारणाने थांबायचो. दोनदा तर झाल्याचं नाटकही केलं. एका रात्री तिने भिंतीकडे तोंड करून विचारलं, "माझ्यात काही कमी आहे का?" त्या प्रश्नाचं उत्तर मला चार महिने देता आलं नाही, कारण गोळीशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

आधी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी ताठरतेची गोळी दिली. जे बिघडलंच नव्हतं त्याचं औषध. डोकं मात्र ठणकलं. मग पुन्हा मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. पूर्वी नीट व्हायचं का? नक्की कधीपासून बंद झालं? आणि एकट्याने केल्यावर किंवा झोपेत होतं का? पूर्वी व्हायचं, गोळीच्या तिसऱ्या आठवड्यापासून बंद, आणि एकट्यानेही नाही. म्हणजे जोडीदार कुठलाही असो वा नसो, सगळीकडेच अडलंय, आणि त्याला एक तारीख आहे. साखर, थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन तपासून घेतलं, सगळं ठीक निघालं.

डोस हळूहळू उतरवला आणि सकाळची बुप्रोपिऑन सुरू केली. पाचव्या आठवड्यात एका पहाटे झालं. बायको रडली, मीही.

पावसाळीढग
नशीबवान आहात! माझं दोन मिनिटांत आटोपतं. जास्त वेळ टिकणं हा त्रास कसा काय?

संथवाहते
दादा, तुमचा त्रास खराच आहे. पण शिंक अगदी नाकाशी येऊन अडते ना, तसं पाऊण तास राहिलं तर कसं वाटेल बघा. त्यात सुख नसतं.

खलबत्ता
औषध दुकानात बावीस वर्षं उभी आहे म्हणून सांगते. पावसाळीढग, लवकर होणाऱ्यांना जी डॅपोक्सेटीन देतात ना, ती याच कुटुंबातली. या गोळ्या सेरोटोनिन वाढवतात आणि सेरोटोनिन वीर्यपतनाला ब्रेक लावतं. तुम्हाला तो ब्रेक हवाय, यांचा सुटत नव्हता. या कुटुंबात पॅरोक्सेटीनचा ब्रेक सगळ्यात घट्ट.

रानवाट७
सोपा उपाय सांगतो. शुक्रवार-शनिवार गोळी घ्यायचीच नाही, रविवारी काम फत्ते. मित्राने केलंय.

खलबत्ता
असं परस्पर करू नका. काही गोळ्यांत, काही लोकांना, डॉक्टरच ठरवून अशी सुट्टी देतात हे खरं. फ्लुओक्सेटीनसारखी गोळी अंगात फार दिवस राहते, तिथे दोन दिवसांनी काहीच फरक पडत नाही. आणि पॅरोक्सेटीन अचानक थांबवली तर फार त्रास होतो.

संथवाहते
तो मी भोगलाय. डॉक्टरांना न विचारता दोन दिवस सोडली होती. डोळे फिरवले की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. जिना उतरताना कठडा धरावा लागला.

कोरीपाटी
तीन प्रश्न वाचून फोन खाली ठेवला आणि परत उचलला. माझं उत्तर वेगळं आहे. एकट्याने पाच मिनिटांत होतं. बायकोसोबत लग्नाच्या तीन वर्षांत एकदाही नाही. गोळी कुठलीच नाही. चौदाव्या वर्षापासून पालथं झोपून गादीवर दाबायची सवय. दाब इतका की दुसऱ्या कशाने तसं वाटतच नाही.

समुपदेशकांनी ती पद्धत पूर्ण बंद करायला लावली. तीन आठवडे काहीच नाही. मग उताणं झोपून, तेल लावून, हलक्या हाताने. सुरुवातीला अर्धा अर्धा तास नुसता वैताग. दोन महिन्यांनी हलक्या हाताने जमलं. मग बायको शेजारी असताना, मग तिच्या हाताने. सात महिने गेले. अजून दर वेळी होतंच असं नाही, पण होतं.

मनीमाऊ_२
कोरीपाटी, बायकोला सांगितलंत का हे सगळं? की ती अजून स्वतःलाच दोष देतेय?

कोरीपाटी
दुसऱ्याच महिन्यात सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच होतं?" आणि मग पुष्कळ भांडली, आधी का नाही सांगितलं म्हणून.

चिंचबोर
विषय थोडा वेगळा. आईला एस्सिटालोप्रॅम चालू आहे, रात्री झोपच लागत नाही. सकाळी घेतली तर चालेल का?

खलबत्ता
ताई, बऱ्याच जणांना सकाळी देतात. वेळ बदलण्याआधी एक फोन मात्र करा डॉक्टरांना.

चिंचबोर
करते, आभारी आहे. आणि आता लिहितेच आहे तर, मीही ही गोळी घेत होते. बायकांचंही असंच अडतं. मला कोणी कधी विचारलं नाही.

हळदीकुंकू
आम्ही बाळासाठी प्रयत्न करत होतो. एरवी नवऱ्याचं ठीक, फक्त बीज सुटण्याच्या तारखेला अडायचं. मी फोनवर तारीख लावून ठेवायची आणि तो गजर वाजला की त्याचा चेहराच बदलायचा. शेवटी तारीख त्याला सांगणं बंद केलं. दोन महिन्यांनंतरही जमेना, तेव्हा घरीच डबीत नमुना घेऊन आययूआय केलं, म्हणजे डॉक्टरांनी तो थेट गर्भाशयात सोडला. दुसऱ्या खेपेस राहिलं. त्याला अजून वाटतं की तो कमी पडला.

जुनावड
वय ६१, साखर अठरा वर्षं. मलाही हेच, बाहेर काहीच येत नाही.

खलबत्ता
काका, शेवटचा तो क्षण जाणवतो का? आणि नंतरची लघवी गढूळ असते का?

जुनावड
जाणवतो. गढूळ असते खरी.

खलबत्ता
मग तुमचं वेगळं असावं. होतं, पण वीर्य उलटं मूत्राशयात जातं. साखरेने नसा बिघडल्या की असं होतं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तिच्यानेही बाहेर काही न येणं होऊ शकतं. त्यानंतरची लघवी तपासली की कळतं. हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

जुनावड
टॅमसुलोसिन चालू आहे. पायाला मुंग्याही येतात. आणि तिथलं जाणवणंही पूर्वीपेक्षा बोथट झालंय. ते परत येईल का?

खलबत्ता
बाहेर येणं गोळीमुळे थांबलं असेल तर ते परत सुरू होऊ शकतं. जाणवण्याचं, म्हणजे नसांचं, मी कबूल करणार नाही.

सांजवेळ
धागाकर्त्याला जमलं ते सगळ्यांना जमतंच असं नाही. बुप्रोपिऑनने माझी धडधड परत वाढली, दहा दिवसांत बंद करावी लागली. आता कमी डोसची सर्ट्रालीन आहे. होतं, पण अर्धा तास लागतो. अटॅक नको की हे नको, यात मी हे स्वीकारलंय. बायकोला विचारून.

पावसाळीढग
आधी चुकीचं बोललो, माफ करा. सगळं वाचलं.

निळीशाई
दोन वर्षं वाचतच होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. माझी उद्या वेळ घेतलीय. तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून नेतोय. तिसरं बायकोसमोर सांगावं लागेल का?

संथवाहते
मला आधी एकट्यालाच आत बोलावलं होतं. बोलावलं नाही तर तुम्ही तसं मागा. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, अंगदुखीची असली तरी.

निळीशाई
ट्रामाडोल घेतो पाठीसाठी. तीही नेऊ?

खलबत्ता
ती तर सगळ्यात आधी दाखवा. आणि तोवर स्वतःहून बंद करू नका.