दर्शनी विटकामावर प्लेटा दिसू द्याव्यात की गज भिंतीतच लपवावेत?

दर्शनी_भिंत
शंभर वर्षांहून जुन्या एका दुमजली इमारतीच्या दुरुस्तीचे काम माझ्याकडे आहे. दर्शनी भिंत ३५० मिमी जाड, उघड्या विटकामाची आणि चुन्यात बांधलेली आहे. मजला कडीपाटाचा असून कड्या या भिंतीला समांतर जातात, त्यामुळे भिंत मजल्यावर टेकलेली नाही आणि मजलाही भिंतीवर नाही. भूकंपात ती बाहेर उलटू नये म्हणून मजल्याला बांधण्यासाठी संरचना अभियंत्यांनी आरपार गज आणि बाहेरून बारा लोखंडी प्लेटा सुचवल्या आहेत. दर्शनी भागावर काहीही दिसू नये, असे इमारतीच्या विश्वस्तांचे म्हणणे आहे. लपवलेला गज तितकाच भरवशाचा असतो का?

गजानुभव
माझ्या मते असतो, आणि बाहेरच्या प्लेटांचा आग्रह म्हणजे जुनी सवय आहे. आतून भोक पाडावे, बाहेरची वीट फुटणार नाही इतके अंतर सोडून थांबावे, गज इपॉक्सीत बसवावा, आणि शंका वाटली तर १६ ऐवजी २० मिमीचा गज घ्यावा. बाहेर एक ओरखडाही उमटत नाही. ज्या भिंतीचे सौंदर्यच तिच्या विटकामात आहे, तिच्यावर बारा प्लेटा ठोकणे मला मान्य नाही.

ओळंबा
गज लपवता येतो, एवढे बरोबर आहे. पण गज जाड केल्याने शंका फिटत नाही. एक मीटर लांबीची भिंत घ्या. ३५० मिमी जाडी आणि मजल्याच्या वाट्याला येणारी ३.६ मीटर उंची धरली, तर तिचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास भरते. वरच्या भागात हादरा वाढतो, म्हणून वजनाच्या निम्मे आडवे बल धरले आणि गज १.२ मीटर अंतरावर ठेवले, तर एका गजावर सुमारे १.३५ टन ओढ येते. साध्या पोलादाचा १६ मिमी गज सुमारे पाच टनांपर्यंत टिकतो. म्हणजे पोलाद तुटण्याचा प्रश्नच नाही. आधी सुटते ते चुन्यातील विटकाम, आणि २० मिमीच्या गजाने त्या चुन्यात काही फरक पडत नाही.

प्लेट सगळी जाडी बाहेरून दाबून धरते. आतून बसवलेला गज मात्र भोकाच्या आसपासच्या विटांना जेवढा चिकटतो तेवढाच धरतो. क्राइस्टचर्चच्या २०११ च्या भूकंपानंतर असे चिकटवलेले अँकर भिंतीतून उपटून आल्याची उदाहरणे पाहणीत आढळली. काही ठिकाणी भोकाची खोली अपुरी होती, काही ठिकाणी भोकातील भुकटी काढलेलीच नव्हती. म्हणून मी ब्रशने आणि हवेच्या झोताने भोक साफ करून घेतो, जाळीची नळी वापरतो आणि गज थोडा खाली उतरता ठेवतो, जेणेकरून तो एकाच सांध्यात न राहता विटांचे दोन-तीन थर ओलांडेल.

याहून मोठी शंका वेगळी आहे. दर्शनी विटा बहुतेकदा निवडक, गुळगुळीत, बारीक सांध्याच्या असतात आणि मागच्या साध्या विटकामाशी त्यांची गुंफण कमी असते. भिंतीच्या जाडीत आडव्या घुसून दोन्ही भाग बांधणाऱ्या हेडर विटा किती थरांनंतर येतात ते मोजा. काही वेळा दिसणारे हेडर अर्ध्या विटेचे, केवळ शोभेपुरते असतात. मग आतला गज फक्त मागचे विटकाम धरतो आणि बाहेरचा पापुद्रा एकटा रस्त्यावर कोसळतो. हातोडीने हलके ठोकून पोकळ आवाज ऐका आणि एका सांध्यात बारीक भोक पाडून कॅमेरा आत घाला, तेव्हा कळेल.

गिलावा_नको
आमच्या इमारतीचेही असेच झाले होते. भिंतींना तडे गेले, म्हणून सल्लागारांनी आतून जाळी मारून ७५ मिमी काँक्रीटचा थर फवारला. बाहेरून काहीच दिसले नाही. पण खिडक्यांच्या लाकडी चौकटींवर थर चढला, जुनी लाकडी तक्तपोशी काढून फेकावी लागली, आणि दोन पावसाळ्यांनंतर बाहेरच्या विटांचा पृष्ठभाग क्षारांनी सुटू लागला. तुमच्या तड्यांसाठी असे काही करू नका.

ओळंबा
तुमचे नुकसान खरे आहे, पण इथे प्रश्न तड्यांचा नसून भिंत मजल्यापासून बाहेर उलटण्याचा आहे. तडे भरून वा थर चढवून ती मजल्याला बांधली जात नाही. तरी तुमच्या अनुभवातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: दुरुस्ती बाहेरून दिसत नाही म्हणजे ती सौम्य आहे, असे नसते.

गजानुभव
पापुद्र्याचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. मग भिंतीच्या माथ्यावरून पायापर्यंत १०० मिमी व्यासाचे उभे भोक पाडून त्यात गज व ग्राउट भरावे. ही पद्धत कॅलिफोर्नियात वापरली गेली आहे आणि ती दोन्ही बाजूंनी अदृश्य राहते.

ओळंबा
त्याने भिंत उभ्या दिशेत ताठ होते, पण मजल्याशी तिचा सांधा तरीही वेगळा द्यावा लागतो. शिवाय ३५० मिमीच्या भिंतीतून १०० मिमीचा गाभा काढणे हा परत न फिरवता येणारा बदल आहे. पुढे कोणाला अधिक चांगला उपाय सापडला तरी तो गाभा आणि मुरलेले ग्राउट निघणार नाही. प्लेट आणि नट मात्र काढता येतात.

जुनी_वीट
काढता येण्याचा हा युक्तिवाद मला अर्धवट वाटतो. आरपार भोक तर पडतेच, आणि एकदा फुटलेली दर्शनी वीट परत मिळत नाही. माझ्या कामात आम्ही प्रत्येक ठिकाणी एक वीट सांध्यातून काढली, प्लेट त्या खाचेत बसवली आणि विटेचा पातळ काप पुन्हा लावला. जवळ उभे राहूनही ओळखू येत नाही. एवढे करणे शक्य असताना प्लेट उघडी का ठेवावी?

ओळंबा
पद्धत चांगली आहे, पण हिशेब बदलतो. प्लेट एक वीट आत गेल्यावर तिच्या आतल्या बाजूला धरायला साधारण २४० मिमी विटकाम उरते, आणि प्लेटही विटेएवढीच छोटी होते. वर सांगितलेली १.३५ टन ओढ त्यात बसेल की नाही, हे तुमच्या भिंतीवरच्या ओढ-चाचणीशिवाय सांगता येणार नाही. शिवाय कापामागे लपलेल्या प्लेटला गंज चढला तर तो फुगून विटा फोडेपर्यंत कळतच नाही. तिथे स्टेनलेस स्टीलच हवे.

दर्शनी_भिंत
दर्शनी भागात हेडर सहाव्या थराला दिसतात, पण त्यातले खरे किती हे तपासलेले नाही. मजल्याच्या बाजूने काय करावे?

ओळंबा
तिथेच काम फसते. कड्या भिंतीला समांतर असल्याने गज फक्त पहिल्या कडीला बांधला, तर ओढ येताच ती एकटीच आडवी वाकते आणि पाटांचे खिळे उपटले जातात. पाट क्रमांक टाकून उचला. भिंतीपासून निदान तीन-चार कड्यांच्या मध्ये घट्ट लाकडी ठोकळे बसवा, वरून सगळ्यांवर पोलादी पट्टी स्क्रूने जोडा आणि गज त्या पट्टीला बांधा. त्यावर १२ मिमी प्लायवूड घालून जुने पाट परत बसवले की काहीच दिसत नाही. दाराचा उंबरठा तेवढा प्लायच्या जाडीइतका जमेस धरावा लागतो. लाकडी मजला काढून काँक्रीटचा स्लॅब टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर नाकारा. इटलीच्या उंब्रियात १९७९ नंतर कमकुवत भिंतींवर असे जड स्लॅब बसवले गेले आणि १९९७ च्या भूकंपात काही ठिकाणी त्यांनीच भिंती ढकलल्या.

जुनी_वीट
मजल्याबद्दल माझे दुमत नाही. दर्शनी भागाबद्दल मात्र मी अजूनही खाचेतल्या प्लेटच्या बाजूने आहे.

दर्शनी_भिंत
कॅमेऱ्याची तपासणी या आठवड्यात करतो. मागच्या अंगणाकडील भिंत त्याच विटांची आहे, तेव्हा चार गजांची ओढ-चाचणी तिथे घेऊ: दोन आतून चिकटवलेले, दोन खाचेतल्या प्लेटचे. हेडर खोटे निघाले, तर आतून चिकटवलेल्या गजांचा विचार मी सोडून देईन आणि विश्वस्तांसमोर उघड्या व खाचेतल्या अशा दोन्ही प्लेटा मोजमापांसह ठेवीन.