रविवारचा सोसायटी ग्रुप: अण्णांचा अंगठा

संदीप बी-३०२ (६:२०): सॉरी एवढ्या सकाळी, अण्णांना परत तोच गाउटचा त्रास, रात्री दोनपासून उजव्या पायाचा अंगठा लालभडक, चादर लागली तरी ओरडतायत. गेल्या वेळची कोल्चिसिन आहे घरात, पॉइंट पाचची. किती देऊ? चिठ्ठीवर काही वाचता येईना

निकम काका (६:२४): दर तासाला एक, दुखणं थांबेपर्यंत नाहीतर जुलाब होईपर्यंत. मला आमच्या फॅमिली डॉक्टरनी तसंच सांगितलेलं

मोरे ए-१०३ (६:२५): काल पांढरा रस्सा किती ओरपला ते विचारा आधी 😄

संदीप: मोरे साहेब, ही वेळ आहे का

डॉक्टर वहिनी ए-४०१ (६:३१): संदीप, ताप आहे का? किडनीचा काही त्रास? सध्या कुठली अँटिबायोटिक चालू आहे? नीट बघून सांग, मग गोळीचं बोलू

संदीप: ताप नाही. क्रिएटिनिन गेल्या महिन्यात नॉर्मल. अँटिबायोटिक नाही, बीपीची आहे, अम्लोडिपिन, बाकी काही नाही

डॉक्टर वहिनी: मग आत्ता दोन गोळ्या दे आणि बरोबर एक तासानं एक. तीनवर थांब, संध्याकाळपर्यंत पुढची नको. लवकर दिली तर उपयोग, पहिल्या बारा तासांत सगळ्यात चांगला, दीड दिवस उलटला की विशेष फरक पडत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी गोळी चालू असती किंवा किडनी खराब असती तर मी ही देऊच नको म्हणाले असते, औषध अंगात साचतं

निकम काका (६:४०): मॅडम आम्ही वर्षानुवर्षं दर तासालाच घेतोय, काही झालं नाही. दर तासाला एक, जुलाब होईपर्यंत

डॉक्टर वहिनी: काका, पूर्वी तसंच द्यायचे, तुमच्या डॉक्टरांचं चुकलं असं नाही. पण २०१० मध्ये अमेरिकेत चाचणीत दोन्ही पद्धती तोलल्या, थोडा डोस आणि जवळजवळ पावणेतीनपट डोस. आराम सारखाच, मात्र मोठ्या डोसवाल्या चारांतल्या तिघांना जुलाब, थोड्या डोसवाल्या चारांतल्या एकाला. मग पोट बिघडवायचं कशाला

मोरे: म्हणजे निकम काकांचा संडास उगाच व्यापलेला असायचा 😂

निकम काका: मोरे, लिफ्टची थकबाकी भरा मग विनोद करा

सेक्रेटरी (६:५२): कृपया विषयांतर नको. लिफ्टचा विषय मीटिंगमध्ये घेऊ 🙏

कुलकर्णी काकू (७:०५): दोन लिंबं पिळून प्या. आमच्या आजेसासूबाई कळलावीचा कंद उगाळून लावायच्या

डॉक्टर वहिनी: काकू, कळलावीला हात लावू देऊ नका कुणाला, पोटात गेली तर जीव जातो. तिच्या कंदात हेच औषध असतं, पण किती ते कळत नाही. म्हणून मोजलेली गोळी

संदीप (१९:४०): अण्णा बरेच बरे आहेत, पाय टेकवून बाथरूमला गेले. एक द्यायची ना?

डॉक्टर वहिनी: दे एक. आणि आता लक्षात ठेव, पहिली पातळ शौच झाली की गोळी बंद, पुढची द्यायची नाही

निकम काका (१९:४६): तेच म्हणतोय मी, जुलाब होईपर्यंत

डॉक्टर वहिनी: नाही काका. तुम्ही जुलाब गाठायला गोळी घेता, मी सांगतेय जुलाब दिसला तर सोडा. आतड्याच्या आतल्या पेशी सतत नव्या होत असतात, हे औषध पेशींचं विभाजन अडवतं, म्हणून झटका आधी तिथे बसतो. तो इशारा समजा. पुढे घेत राहिलात तर उलट्या, अंगातलं पाणी जाणं, मग रक्तपेशी आणि किडनीवर. उतारा नाही, डायलिसिसनंही निघत नाही

मोरे (१९:५३): बापरे. सॉरी काका

संदीप (सोमवार ७:१०): वहिनी, पहाटे एकदा पातळ झालं. अण्णा म्हणतात मिसळीचं असेल, दुखणं अजून थोडं आहे, एक घेतो म्हणून हट्ट

डॉक्टर वहिनी: मिसळीचं असो नाहीतर कशाचं, गोळी बंद. मीठसाखरेचं पाणी द्या, निदान तीन दिवस परत नको. पुन्हा पुन्हा झाली, उलटी झाली किंवा लघवी कमी झाली तर लगेच दवाखान्यात, गोळीची पट्टी बरोबर न्या. उरलेल्या दुखण्याला दुसरं औषध किडनी बघून देता येतं, दुपारी मी खाली येते

संदीप: पट्टी कपाटात कुलूप लावून ठेवलीय, अण्णा माझ्यावर रागावलेत

निकम काका (७:२२): माझी पट्टी पण बघता का मॅडम, तारीख वाचता येत नाही

सेक्रेटरी (७:३०): आठ ते दहा पाणी बंद, टाकी धुणार, ज्यांना बादल्या भरायच्या त्यांनी आत्ताच भरा. बी-३०२ ने जरा जास्त भरून ठेवा