‘इबा’ म्हणजे काय, हे लेखकाने सांगायला हवे होते का?

निपाणीची विद्यार्थिनी: आम्हाला एम.ए.ला चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) ही कादंबरी आहे. इंग्रजी मजकुरात इग्बो या नायजेरियातल्या भाषेतले शब्द तसेच ठेवलेले आहेत आणि माझ्या प्रतीत शेवटी शब्दार्थ नाहीत. प्रत्येक शब्द शोधत बसले की वाचन तुटते. अर्थ न देणे हा वाचकावर अन्याय नाही का?

निवृत्त प्राध्यापिका, बेळगाव: मला तसे वाटत नाही. ९ व्या प्रकरणातला ‘इबा’ हा शब्द घ्या. पहाटे एक्वेफी नवऱ्याचे, म्हणजे कथानायक ओकोंक्वोचे, दार ठोठावते आणि त्यांची मुलगी एझिन्मा मरते आहे असे सांगते. ओकोंक्वो धावत जातो, तेव्हा आईने रात्रभर पेटत ठेवलेल्या मोठ्या जाळाशेजारी मुलगी चटईवर कुडकुडत पडलेली असते. तो ‘हा इबा आहे’ एवढेच म्हणतो आणि कोयता घेऊन पाने, गवत, साली आणायला रानात जातो. इथवर वाचल्यावर तो आजार आहे, त्यात थंडी वाजते आणि त्याचे औषध घरच्या माणसाला ठाऊक आहे, एवढे तुम्हाला कळलेले असते. प्रकरणाच्या शेवटी त्या पाल्याच्या वाफाळत्या भांड्याशी मुलीला बुटक्या स्टुलावर बसवून वरून जाड चटई पांघरतात, ती गुदमरून रडते, घामाने निथळते आणि कोरड्या चटईवर शांत झोपी जाते. आपल्याकडेही तापात वाफारा देतात, त्यामुळे ‘इबा’ म्हणजे ताप हे सीमाभागातल्या वाचकाला सांगावे लागू नये. शब्द आला की थांबू नका. प्रसंग संपेपर्यंत पुढे वाचा आणि मग मागे वळून पाहा.

चिकोडीचा वाचक: ताप नव्हे, मलेरियाच म्हणायला हवे. त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला ओकोंक्वोच्या कानाशी डास गुणगुणतो आणि त्याला आईने सांगितलेली डास व कानाची गोष्ट आठवते. लेखकाने खूण तिथेच ठेवली आहे.

निवृत्त प्राध्यापिका, बेळगाव: डासाची खूण आपण नेमकी हेरलीत आणि आजार बहुधा तोच असेल. परंतु डासाचा आणि आजाराचा संबंध कादंबरीतले एकही पात्र जोडत नाही. तो आपण आपल्या ज्ञानातून जोडतो. मजकुरातून निघतो तो थंडी वाजून येणारा ताप. ‘मलेरिया’ हा शब्द ओकोंक्वोच्या तोंडी घातला, तर त्याला नसलेले ज्ञान आपण त्याला देतो.

खानापूरचा दुकानदार: मी कादंबरी वाचलेली नाही, पण अनुभव सांगतो. नव्याने कानडीत काम पडले तेव्हा एका कचेरीत मला तीनदा ‘नाळे बर्री’ असे सांगण्यात आले. समोरच्याचा हात आणि चेहरा पाहून मी त्याचा अर्थ ‘काम होणार नाही’ असा लावला आणि परत आलो. ‘उद्या या’ हा खरा अर्थ शेजाऱ्याने सांगितला तेव्हा चार दिवस उलटले होते. मूळ प्रश्न कानडी शिकण्याचा असेल, तर विचारून घेणेच बरे.

संकेश्वरचा अनुवादक: प्रश्न कानडीचा नाही, पण त्यांच्या उदाहरणाने माझेच म्हणणे स्पष्ट होते. चुकीचा अर्थ लावूनही माणूस पुढे जाऊ शकतो आणि आपण चुकलो हे त्याला कळतही नाही. कचेरीत निदान शेजाऱ्याला विचारता येते. कादंबरीला काय विचारणार? ‘अग्बाला’ पाहा. २ ऱ्या प्रकरणात लहानपणी एक खेळगडी ओकोंक्वोला त्याचे वडील, उनोका, अग्बाला आहेत असे सांगतो, आणि ३ ऱ्या प्रकरणाच्या आरंभीच तो उनोका कौल मागायला अग्बालाकडे जातो. पहिला अर्थ मनात धरून बसलेला विद्यार्थी इथे हमखास अडखळतो.

निवृत्त प्राध्यापिका, बेळगाव: अडखळतो, हे मान्य, पण ते अडखळणेच त्याला सावध करते. पहिल्या ठिकाणी लेखकाने अर्थ वाक्यातच दिला आहे: अग्बाला म्हणजे बाई, आणि समाजात मानाची एकही पदवी न मिळवलेला पुरुषही. दुसऱ्या ठिकाणी तो डोंगर आणि गुहांमधला कौल देणारा देव आहे, हेही तिथेच येते, शिवाय इंग्रजीत त्याचे आद्याक्षर मोठे आहे. (देवनागरीत ही सोय नाही, अनुवादकाला तिथे दुसरा मार्ग काढावा लागतो.) जुना अर्थ नव्या वाक्यात बसेना, तर वाक्याला दोष न देता आपला अंदाज मोडायचा.

संकेश्वरचा अनुवादक: मग ‘ची’ या शब्दाचे काय? उनोकाची ची वाईट, म्हणून तो अभागी, असे कादंबरी सांगते आणि लगेच व्यक्तिगत देव असा अर्थही देते. माणूस हो म्हणाला की त्याची चीही हो म्हणते, अशी म्हण येते. पुढे १४ व्या प्रकरणात ओकोंक्वोला ती म्हण खोटी वाटते. आमच्याकडचा वाचक पहिल्याच ठिकाणी ‘दैव’ लिहून मोकळा होतो आणि संदर्भ त्याला कुठेही अडवत नाही. पण दैव माणसाच्या ‘हो’ला ‘हो’ म्हणत नसते.

निपाणीची विद्यार्थिनी: मी समासात ‘दैव’ हेच लिहिले होते. आता ते खोडून तिन्ही ठिकाणांचे पृष्ठक्रमांक लिहिले आहेत. अर्थाची जागा अजून रिकामी आहे.