विषय: कुळथाच्या पिठात किडे, गणपतीचा लॉट थांबवू का?

मीनल (वेंगुर्ला):
मंडळी, घाईत लिहितेय. सुट्टीवर येणारे सगळे परत जाताना जे पीठ नेणार आहेत त्या लॉटची 40 पाकिटं भरून ठेवली होती, काल एक फोडलं तर आत बारीक लालसर किडे. मग आणखी दोन फोडली, त्यातही. सील नीट आहे, पाकिटाला भोक नाही. जूनमधला लॉट मात्र स्वच्छ. चाळून, परत भाजून भरलं तर चालेल का? शनिवारी पहिले लोक पोचतायत.

सुहास:
मीनल वहिनी, कडुनिंबाचा पाला टाका, आमची आजी तांदळात टाकायची, कधी पोरकिडे झाले नाहीत. मागच्या वर्षी स्टॉलवर लाडवांना मुंग्या लागल्या तेव्हाही मी सांगितलं होतं, कोणी ऐकलं नाही. डब्यात पाऱ्याच्या गोळ्याही ठेवतात.

शरयू मावशी:
सुहास, पाऱ्याच्या गोळ्यांचं नावसुद्धा काढू नकोस, पिठात तर अजिबातच नको! पाला दाण्यात ठेवतात, किडे थोडे लांब राहतात, पण आधीच आत असलेली अंडी त्याने मरत नाहीत. आणि विकायच्या पिठात पाल्याचा चुरा कोणाला हवाय?

मीनल, दोन गोष्टी बघ. पिठात कोळ्यासारखी जाळी धरलीय का? असेल तर ते पतंगाच्या अळ्यांचं काम. जाळी नाही, नुसते चपटे लाल किडे आणि उग्र वास, तर ते पिठातलेच किडे. आणि दळायचे राहिलेले कुळीथ उजेडात धर, दाण्यावर पांढरे ठिपके किंवा गोल भोकं दिसतात का?

मीनल:
जाळी नाही. वास आहे, मला वाटलं भाजताना जरा करपले असतील. दाण्यांवर ठिपके नाहीत. कुळीथ मेमध्येच सगळे भाजून, भरडून, पाखडून ठेवले होते. जूनचा लॉट घरच्या घरघंटीवर दळला, ती बिघडली म्हणून हा जुलैचा गावातल्या चक्कीवर.

शरयू मावशी:
मग उत्तर तुझ्याच मेलमध्ये आहे. दाण्यातला भुंगा शेतातूनच येतो, पण खरपूस भाजलेल्या कुळथात तो जगत नाही. तुझे किडे भाजल्यानंतर शिरलेत, आणि सील फोडून नाही, सील करायच्या आधी. चक्कीच्या चाडीत आणि खालच्या कापडी पिशवीत जुनं पीठ साचतं, त्यात हे सुखाने राहतात. चार अंडी पिठाबरोबर आली की या दमट हवेत महिन्याभरात किडे दिसतात, तुझा हिशोब अगदी जुळतो.

पुन्हा चक्कीवरच जायचं असेल तर चाडी आणि पिशवी आपल्यासमोर झटकून घे, आधी किलोभर तांदूळ दळून ते पीठ गुरांना दे, मग आपलं घाल. घरी आल्यावर पीठ परातीत रात्रभर उघडं ठेवू नकोस. डब्याच्या कडेचं, झाकणाच्या खाचेतलं जुनं पीठ ब्रशने काढ. डबा धुतलास तर कडकडीत वाळव.

नितीन:
माझ्या मते चाळून भाजलं तर काय बिघडतं? आम्ही घरी तसंच खातो. 40 पाकिटांचं नुकसान वहिनींनी एकटीने का सोसायचं?

शरयू मावशी:
घरी खा की, कोण नाही म्हणतंय. पण विष्ठा, कातडी, तो वास चाळणीतून जात नाही, भाजूनही जात नाही. पाकिटावर रजिस्ट्रेशन नंबर छापून कीड लागलेलं पीठ विकता येत नाही. पैशांचं मंडळाने बघावं, तो वेगळा विषय.

संजय:
आमच्या कुडाळच्या घरी मागच्या दारातून उंदीर येतात, दाराखाली करंगळी जाईल एवढी फट पुरते त्यांना. पत्र्याची पट्टी मारली, मोरीला जाळी लावली, तेव्हा थांबले. वहिनी, तुमच्याकडे जाळी आहे ना?

मीनल:
संजय भावजी, उंदरांचा प्रश्न नाहीये हो, जाळी आहे :) मावशी, चक्कीवाल्याला सांगू का? ओळखीचे आहेत, वाईट वाटेल. आणि नवीन पाकिटं सील करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवली तर?

शरयू मावशी:
फ्रीजर चांगला, उणे 18 ला आठवडाभर ठेवलीस तर अंडीही मरतात. पण पाकिटं एकावर एक दाबून रचू नकोस, मधलं पीठ गार व्हायला फार वेळ लागतो. बाहेर काढल्यावर तशीच बंद ठेव, पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघड, नाहीतर आतल्या पिठाला पाणी सुटून बुरशी धरते. आणि वेंगुर्ल्यात पावसाळ्यात लाईट किती तास जाते ते तुलाच ठाऊक, फ्रीजर मध्येच वितळला तर आठवडा पुन्हा मोजायचा. चक्कीवाल्याला मी तरी सांगितलं असतं.

नितीन:
शनिवारी पोचणाऱ्यांना तसं कळवतो, पण त्या 40 पाकिटांचं काय ते कमिटीत मांडा. मागच्या वेळी चिवड्याचे पैसे अजून कोणी दिले नाहीत.

मीनल:
कुळीथ 12 किलो उरलेत. घरघंटीवाला उद्या येतो म्हणतोय, तो आला तर त्यावरच दळते, नाहीतर तांदूळ घेऊन चक्कीवर. नवीन पाकिटं आठवडाभर फ्रीजरला जाणार, तेव्हा पहिल्या लोकांना रिकाम्या हाती जावं लागेल, गौरी-विसर्जनानंतर निघणाऱ्यांना मिळतील.