मदत हवी आहे: भगदाड बुजवल्यावर काउंटर-फ्लडिंग करावे का?

चीफ मेटच्या तोंडी परीक्षेसाठी एक उदाहरण सोडवतोय. मालवाहू जहाजाच्या होल्डला उजवीकडे, पाणरेषेखाली 2 मीटरवर 15 सेंटिमीटर व्यासाचे भोक पडले. माझ्या हिशोबाने मिनिटाला सुमारे 4 टन पाणी आत येते, म्हणजे तासाला 240 टन. पंप काढतो 150. म्हणून आतून रबराची कड लावलेला बॉक्स पॅच बसवून त्याला लाकडी टेकू आणि पाचरी मारल्या. शेजारच्या बल्कहेडलाही कोरड्या बाजूने टेकू दिले. आता गळती पंपाच्या आवाक्यात आहे, पण होल्ड अर्धा भरलाय आणि जहाज उजवीकडे 7 अंश कललेय.

डबल बॉटमच्या डाव्या-उजव्या टाक्या रिकाम्या आहेत. लोडिंग कॉम्प्युटर बंद धरायचा आहे.

कल एका बाजूच्या वजनाचा असेल तर डावी टाकी भरणे बरोबर. पण मोकळ्या पाण्याने जीएम ऋण होऊन आलेला असेल, तर त्याच कृतीने जहाज डावीकडे आणखी जोरात कोसळेल. तेव्हा खालच्या बाजूची टाकी आधी भरायची, एवढे वाचलेय.

प्रत्यक्ष जहाजावर या दोन कलांतला फरक तुम्ही कोणत्या खुणांवरून ओळखता? आणि खात्री होत नसेल, तर पहिली टाकी कोणती भराल?