शब्दचर्चा: ‘दहाच अंक’ की ‘दहा अंकच’?

शाईपेन
एक्सेलच्या यादीत मोबाइल नंबरचा रकाना आहे. चुकीचं काही भरलं की उमटणारी सूचना मराठीत लिहायची आहे. मूळ इंग्रजीचा मतलब असा: बरोबर दहा आकडे हवेत, बाकी काही नको. मी लिहिलं, ‘फक्त दहा अंकी संख्या लिहा’. सहकारी म्हणतो चुकलंय, पण काय चुकलं ते त्याला सांगता येईना.

गोदाकाठ
‘आकडे’ म्हणा की सरळ! मोबाइलचे अंक कोण सांगतं? आणि आकडा म्हणजे हूकच. संस्कृतातही ‘अंक’चा एक अर्थ आकडा असाच आहे. दोन्ही एकाच घरचे.

मोरपिसारा
आकडा मटक्यावर लावतात, नाहीतर विजेच्या तारेवर टाकतात. लेखी मराठीत ‘अंक’च.

उभाआडवा
सहकाऱ्याचं खरं आहे, फक्त चूक ‘अंकी’त नाही, ‘संख्ये’त आहे. फोन नंबरची कुणी बेरीज करत नाही. एक्सेलने त्याला संख्या मानलं की पुढचं शून्य गळतं. पुण्याचा लँडलाइन ०२० धरून ११ आकडी. शून्य गळालं की दहा उरतात आणि तपासणीतून बिनबोभाट पास होतात. म्हणून नंबर भरण्याआधीच रकान्याचं स्वरूप Text करायचं. भरून झाल्यावर केलं तर गेलेलं शून्य परत येत नाही.

चहाबिस्कीट
एवढं कशाला? Data Validation मध्ये Custom निवडून हे टाका, झालं:

```
=AND(LEN(A2)=10,ISNUMBER(A2))
```

उभाआडवा
अर्धं झालं. रकाना Text असेल तर ISNUMBER कायम नाहीच म्हणणार, म्हणजे बरोबर नंबरही अडकेल. Text नसेल तर 12345.6789 चालून जाईल, कारण टिंब धरून ती दहा अक्षरं होतात. मग लोक A2 च्या आधी `--` लावून मजकुराची संख्या करतात, आणि रकान्यात 12/05/2024 लिहिलं तरी चालतं! तारीखही मोजून दहा अक्षरांची आणि एक्सेलच्या लेखी तीही संख्याच. म्हणून संख्या करून पुन्हा दहा आकड्यांत लिहायची आणि मूळ मजकुराशी जुळते का ते पाहायचं:

```
=AND(LEN(A2)=10,ISNUMBER(--A2),TEXT(A2,"0000000000")=A2&"")
```

तारखेची इथे 00000 ने सुरू होणारी भलतीच रांग बनते आणि ती जुळत नाही. टिंब, उणे चिन्ह, आधीची मोकळी जागा, सगळं इथेच गळतं. मधला ISNUMBER मात्र काढू नका, नाहीतर दहा अक्षरांचं नावही पास होईल.

आता शब्दाकडे. यात दोन अटी आहेत आणि मराठीत दोन्ही ‘च’ सांभाळतो. ‘दहाच अंक’ म्हणजे नऊ नको, अकरा नको. ‘दहा अंकच’ म्हणजे टिंब नको, रेघ नको. ‘फक्त’ वाक्याच्या सुरुवातीला टाकलं की ते नेमकं कशाला लागतं तेच कळत नाही.

गोदाकाठ
पण ‘दहाच’ म्हटलं की ‘एवढेसेच?’ असा सूर येतो. दहाच रुपये दिले, तसं.

कोपऱ्यावरचा
आमच्या सोसायटीच्या यादीत लँडलाइनपण आहेत. आठ आकडे लिहिले तर चालतील ना?

उभाआडवा
नाही. पुणे-मुंबईचे लँडलाइन आठ आकडी असतात, त्यांना वेगळा रकाना करा. मोबाइलच्या रकान्यात पहिला आकडा ६ ते ९ मधलाच हवा, अशी अटही मग घालता येईल. आणि हो, दुसरीकडून आणून चिकटवलेल्या मजकुराला Data Validation अडवत नाही. चिकटवून झालं की Circle Invalid Data चालवा. चुकलेल्या कप्प्यांभोवती लाल वर्तुळं येतात.

शाईपेन
मग ‘नेमके दहा अंक लिहा, दुसरे काही नको’? पण एकाने आज देवनागरीत ९८… असं भरलं आणि ते अडकलं. तो म्हणतो, ‘हे अंक नाहीत तर काय आहे?’

उभाआडवा
त्याचं बरोबर आहे. पण सूत्राला 0 ते 9 च चालतात, देवनागरी अंक त्यात बसत नाहीत. सूचनेत ‘इंग्रजी अंक’ लिहा.

मोरपिसारा
इंग्रजी कसले? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये त्यांना भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप म्हटलंय.

चहाबिस्कीट
‘कृपया भारतीय अंकांच्या आंतरराष्ट्रीय रूपातील नेमके दहा अंक लिहावेत’. वाचून होईपर्यंत माणूस नंबर विसरेल.

मोरपिसारा
विसरू दे. देवनागरी अंक नाकारणारं सूत्रच सुधारा, सूचना कशाला बदलता?

गोदाकाठ
मटक्यातला ‘आकडा’ आणि आकडी येणे यांचा काही संबंध आहे का हो?